माती परीक्षण अहवालाचा व्हिडिओ: स्लाइडवार निवेदन ठरवतानाच्या नोंदी

12 ऑगस्ट 2024

आमच्या शेतकरी कंपनीच्या सभासदांचे माती परीक्षण अहवाल प्रयोगशाळेतून आले. एरवी आम्ही गावोगावी देवळाच्या सभामंडपात बसतो, प्रत्येकाच्या हातात त्याचा कागद देतो आणि दीड तासात तो वाचायला शिकवतो. यंदा गावं अकरा, माणसं दोन, आणि रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्याला सुरू होणार. अकरा बैठका होणं शक्य नाही. म्हणून व्हिडिओ.

हेतू एकच ठेवला आहे. व्हिडिओ पाहून सभासदाला आपल्या अहवालावरची नत्र, स्फुरद, पालाश यांची शिफारस एका एकरासाठी गोण्यांमध्ये बदलता आली पाहिजे. माती म्हणजे काय, सूक्ष्म अन्नद्रव्यं का लागतात, यातलं काहीही नाही.

सोपं काम वाटलं. सभामंडपात वापरायची 23 स्लाइडची फाइल उघडली, मोबाइल समोर ठेवला आणि नेहमीसारखी बोलत गेले. 19 मिनिटं झाली. परत ऐकताना लाज वाटली. दर दोन मिनिटांनी मी "कळलं ना?" म्हणते आणि थांबते. समोर भिंत आहे. "बरं, पुढे जाऊ" असंही म्हणते, जणू कोणीतरी मान डोलावली.

पूर्ण दुपार वाया. फाइल पुसून टाकली.

14 ऑगस्ट

गेल्या वर्षीच्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण फोनमध्ये सापडलं, तासाभराहून मोठं. इतिवृत्त लिहायला सोपं जावं म्हणून केलं होतं, नंतर कोणी ऐकलंच नाही. आज दोन टप्प्यांत पूर्ण ऐकलं आणि प्रत्येक प्रश्न जसा विचारला तसा वहीत उतरवला, शेजारी त्या वेळी कोणती स्लाइड चालू होती तिचा क्रमांक. अनुदान, विमा, लाइट वगैरे बाजूला काढले तरी बत्तीस प्रश्न उरले.

हे बत्तीस प्रश्न 23 स्लाइडवर सारखे पसरलेले नव्हते. जवळजवळ सगळे चार ठिकाणी गोळा झाले होते. सामूची म्हणजे पीएचची स्लाइड, 'उपलब्ध नत्र' ही ओळ, हेक्टरी शिफारशीची स्लाइड आणि गोण्यांचा हिशेब. चौदा स्लाइडवर कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. मला वाटायचं त्या चौदा चांगल्या समजल्या. नीट ऐकलं तेव्हा कळलं की त्या वेळी मागे चहा वाटप चालू होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खरं समजावणं मी उत्तरांमध्ये करत होते. स्लाइडवर अर्धवट काहीतरी बोलायचं, कोणीतरी अडवायचं, मग मी पोत्याचं उदाहरण द्यायचं. ते पोत्याचं उदाहरण एकाही स्लाइडवर लिहिलेलं नाही. प्रश्न येणार नसतील तर तो अर्धा भाग कधी बोललाच जाणार नाही.

म्हणून वहीत प्रत्येक स्लाइडला एक पान दिलं आणि चार रकाने आखले: पडद्यावर काय दिसतं, नजर कुठे जायला हवी, मी काय म्हणणार, आणि इथे कोण काय विचारेल. चौथा रकाना सगळ्यात आधी भरला, मुद्रणातल्या शब्दांतच. "अन्नद्रव्यांच्या मात्रेविषयी संभ्रम" असं लिहून काही उपयोग नाही. "ताई, एन म्हणजे युरियाच ना?" असं लिहिलं की निवेदनात काय घालायचं ते आपोआप कळतं.

ज्या पानांचा चौथा रकाना रिकामा राहिला त्या स्लाइड काढल्या किंवा दोन वाक्यांत आटोपल्या. 23 पैकी बऱ्याच कमी झाल्या.

17 ऑगस्ट

आज फक्त स्लाइड 4. नमुना अहवालात लिहिलंय: उपलब्ध नत्र, हेक्टरी 168 किलो. आणि खाली शिफारस: नत्र, हेक्टरी 100 किलो.

मुद्रणात एका आजोबांनी विचारलेलं जसंच्या तसं: "मातीत एकशे अडुसष्ट हाय म्हणता, पिकाला शंभर लागतंय, मग वरचे अडुसष्ट शिल्लक राहिले ना? अजून शंभर कशाला घालायला लावता?" आणि पाठीमागून दोघे "बरोबर आहे" म्हणाले.

प्रश्न चुकीचा नाही. कागद तसाच वाचला जातो. सभामंडपात हा प्रश्न आला नाही असं गाव नाही, आणि व्हिडिओत तो न विचारता मनात राहील. मनात राहिला की पुढची आठ मिनिटं तो माणूस ऐकणार नाही. मी चुकीचं सांगतेय अशीच त्याची समजूत झालेली असेल.

माझा पहिला मसुदा असा होता: "तुमच्या जमिनीत उपलब्ध नत्र 168 आहे, म्हणजे ते कमी आहे, त्यामुळे शिफारशीप्रमाणे नत्र द्या." यात 168 कमी का, याचा पत्ताच नाही.

तिसऱ्या खेपेला जमलं ते असं:

"नत्रापुढे 168 लिहिलंय. खाली शिफारशीत 100 लिहिलंय. तुम्ही म्हणाल, मातीत 168 आहेच, मग अजून 100 कशाला? हे दोन आकडे एकमेकांतून वजा करायचे नाहीत. 168 ही मोजपट्टीवरची खूण आहे. 280 च्या खाली असेल तर नत्र कमी, 280 ते 560 मध्यम, त्याच्या वर भरपूर. ते सगळं 168 किलो या हंगामात पिकाच्या तोंडात जात नाही. कणगीत धान्य असतं, पण आज दळलेलं पीठ किती, तेवढीच भाकरी होते. म्हणून वरचा आकडा फक्त कमी-जास्त बघायला. खत मोजायला खालचा."

शंका मी स्वतःच उच्चारते आहे, आणि ती ज्या क्षणी येते त्याच क्षणी. आधी ती शेवटी 'नेहमीचे प्रश्न' अशा स्लाइडवर ठेवली होती. तिथपर्यंत माणूस पोहोचतच नाही.

सामूची स्लाइड अशीच. 8.2 हा आकडा एकाने गुणांसारखा वाचला होता, 14 पैकी 8.2, म्हणजे पास. तिथे एक वाक्य घातलं: "हे मार्क नाहीत, सात म्हणजे मध्यावर, त्याच्या वर जमीन चोपणीकडे आणि चुनखडीकडे झुकते." बाकी सामूवर काही नाही, कारण गोण्या मोजायला तो लागत नाही. पुढच्या वेळी वेगळा करू.

21 ऑगस्ट

सगळ्यात जास्त वेळ स्लाइड 7 ने खाल्ला. शिफारस हेक्टरी, शेत एकरात, अन्नद्रव्य किलोत, खत गोणीत. माझी जुनी स्लाइड एकाच पानावर हे सगळं करायची:

100 : 50 : 50 भागिले 2.5 = 40 : 20 : 20
40 भागिले 0.46 = 87 किलो युरिया
20 भागिले 0.16 = 125 किलो सुपर फॉस्फेट
20 भागिले 0.60 = 33 किलो पोटॅश

गणित बरोबर आहे. सभामंडपात मी हे फळ्यावर एकेक ओळ लिहीत करायचे, त्यामुळे चालायचं. लिहिणाऱ्या हाताचा वेग हाच ऐकणाऱ्याचा वेग असतो. पडद्यावर चारही ओळी एकदम येतात, डोळा लगेच शेवटच्या ओळीवर जातो आणि मी अजून पहिलीवर असते. मोठ्याने वाचून घड्याळ लावलं: 48 सेकंदांत चार भागाकार. मलाच दम लागला.

आधी नुसत्या ओळी एकामागून एक आणल्या. सुधारलं, पण 0.46 ने भागायचं म्हणजे काय हे कोणाला पटवणार? मुद्रण पुन्हा काढलं. तिथे मी टक्केवारी सोडून भलतंच बोलत होते: "युरियाची गोणी फोडली तर त्यात नत्र किती निघेल?" सगळे गप्प, मग मी सांगितलं, आणि पुढचा हिशेब त्यांनीच केला.

तेच घेतलं. टक्केवारी गेली, गोणी आली:

युरियाची गोणी, 45 किलो, आत नत्र साधारण 20 किलो.
सुपर फॉस्फेटची गोणी, 50 किलो, आत स्फुरद 8 किलो.
पोटॅशची गोणी, 50 किलो, आत पालाश 30 किलो.

आता एकरी 40 किलो नत्र हवं तर युरियाच्या दोन गोण्या. 20 किलो स्फुरद हवं तर सुपरच्या अडीच. 20 किलो पालाश हवं तर पोटॅशची पाऊण गोणीही नको, 33 किलो. शेवटचं सोडलं तर तोंडी होतं. युरियात नेमकं 20.7 किलो नत्र बसतं. 20 धरल्याने 87 च्या जागी 90 किलो पडतं, एकरी तीन किलोचा फरक. हा फरक निवेदनात बोलायचा की नाही यावर सहकाऱ्याशी वाद झाला. तो म्हणाला बोल, कोणीतरी कॅल्क्युलेटर लावेल आणि म्हणेल मॅडम चुकल्या. त्याचं ऐकलं. एक वाक्य: "हिशेब सोपा व्हावा म्हणून 20 धरलंय, खरं किंचित जास्त असतं."

स्लाइड 7 च्या चार झाल्या: हेक्टराचं एकर, मग नत्र, मग स्फुरद, मग पालाश. प्रत्येकीवर एकच गोणी आणि एकच आकडा.

24 ऑगस्ट

पूर्ण निवेदन टंकून घेतलं आणि एकदा स्लाइड न बघता, नुसता कागद हातात घेऊन वाचलं. 'हा आकडा', 'ही ओळ', 'इथे बघा', 'याला यानं' असे शब्द लाल पेनाने खुणावले. सव्वीस निघाले. सभामंडपात माझं बोट असायचं. व्हिडिओत "हा आकडा" म्हणजे पडद्यावरचा कोणता, आणि त्याच्या हातातल्या कागदावरचा कोणता?

आधी उपाय चुकला. "आठव्या ओळीतला आकडा" असं लिहिलं. मग आठवलं की काही सभासदांकडे गेल्या वर्षीच्या जुन्या नमुन्याचा कागद आहे आणि त्यात ओळींचा क्रम वेगळा आहे. आठवी ओळ तिथे जस्ताची. त्याने जस्ताचा आकडा धरून युरिया काढला असता. तेव्हा नाव घेऊनच बोलायचं ठरवलं: "ज्या ओळीत 'नत्र' लिहिलंय ती शोधा, तिच्यापुढचा आकडा." आणि बोलताना पडद्यावर त्याच ओळीभोवती पिवळी चौकट. चौकट आली आणि दोन सेकंदांनी नाव उच्चारलं, असा क्रम ठेवला. उलट केलं तर डोळे शोधत राहतात आणि पुढचं वाक्य निसटतं.

आकडे उच्चारण्याचंही बघावं लागलं. 0.38 ला "शून्य पूर्णांक अडतीस शतांश" म्हणणारी मी एकटीच. लोक "पॉइंट अडतीस" म्हणतात, तसंच लिहिलं. 2.5 नेहमी अडीच. सत्त्याऐंशी आणि सत्त्याहत्तर मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर सारखेच ऐकू येतात, म्हणून जिथे 87 बोलायचं तिथे तो आकडा पडद्यावर मोठा दिसत असलाच पाहिजे अशी खूण केली.

28 ऑगस्ट

ध्वनिमुद्रणाचा पहिला दिवस. सगळंच बिनसलं.

पॉवरपॉइंटमध्येच रेकॉर्ड केलं. त्यात प्रत्येक स्लाइडचा आवाज त्या स्लाइडसोबत वेगळा साठतो, त्यामुळे चुकलेली तेवढीच पुन्हा करता येते. हाच त्याचा मोठा फायदा. पण एक खोच आहे, ती मला बारा स्लाइड संपल्यावर कळली. दोन स्लाइडमध्ये सरकण्याचा परिणाम लावलेला असेल तर तो चालू असताना आवाज मुद्रित होत नाही. मी बटण दाबलं की लगेच बोलत होते, त्यामुळे प्रत्येक स्लाइडचा पहिला शब्द खाल्ला गेला. "युरियाची गोणी" च्या जागी "ची गोणी". बारापैकी नऊ खराब.

सगळे परिणाम काढून टाकले. शिवाय बटण दाबल्यावर मनात एक-दोन मोजून बोलायला सुरुवात, आणि वाक्य संपल्यावर पुन्हा एक-दोन मोजून बटण.

दुसरी चूक पूर्ण माझी. युरियाच्या गोणीचं चित्र 50 किलोचं होतं आणि सवयीने बोललेही 50. युरिया 2018 पासून 45 किलोच्या गोणीत येतो. समोर माणसं असती तर कोणीतरी लगेच टोकलं असतं, "मॅडम, पंचेचाळीसची हाय आता". त्या मुद्रणात टोकलेलं आहेही! मी तेव्हा हसून पुढे गेले होते आणि स्लाइड कधी दुरुस्त केली नाही.

संध्याकाळी सातनंतर मागच्या मैदानात गणपतीच्या ढोल पथकाचा सराव सुरू झाला. काम बंद.

खर्च: कॉलरचा वायरवाला माइक 850 रुपये. खिडकीवर दोन गोधड्या, त्या घरच्याच. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर घरघर येते. एका स्लाइडमागे घाम पुसणं.

1 सप्टेंबर

मूक चाचणी. कच्चा व्हिडिओ तीन जणांना दाखवला: शेजारचे तात्या, एका सभासदाची सून जी घरचा हिशेब बघते, आणि बारावी झालेला तिचा दीर. प्रत्येकाला वेगळं बसवलं. त्यांच्याच मोबाइलवर, त्यांचाच अहवाल हातात. मी मागे, तोंडाला कुलूप. काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, फक्त व्हिडिओतल्या वेळेसकट लिहून ठेवायचं. शेवटी "कळलं का?" असं विचारायचं नाही, कारण सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी कागद पुढे करायचा: तुमच्या एका एकराला युरिया किती गोण्या?

गप्प बसणं फार अवघड गेलं. तात्यांनी दोनदा मागे वळून "काय गं?" म्हटलं.

काय दिसलं ते:

2 मिनिटं 10 सेकंदांवर तिघांनीही कागद उलटसुलट केला. शिफारस अहवालाच्या मागच्या पानावर आहे हे मी बोललेच नव्हते. माझ्या स्लाइडवर दोन्ही पानं शेजारी शेजारी आहेत.

4 मिनिटांवर मी सहा सेकंद मुद्दाम गप्प बसले होते, त्यांनी आपला आकडा शोधावा म्हणून. तिसऱ्याच सेकंदाला तात्यांनी पडद्यावर बोट मारलं, मग आवाजाचं बटण दाबलं, मग "बंद पडला" म्हणून फोन माझ्याकडे दिला. सून तेवढ्यात दुसरा मेसेज बघून आली. नुसती शांतता चालत नाही.

सगळ्यात वाईट शेवटी. दीराने कागदावर झटक्यात लिहिलं: युरिया 2 गोण्या, सुपर अडीच, पोटॅश 33 किलो. हे माझ्या नमुन्याचं उत्तर. त्याच्या स्वतःच्या अहवालावर शिफारस 60:30:0 होती. त्याला हिशेब येत होता, पण व्हिडिओत सांगितलेलं उत्तर हीच शिफारस असं त्याने धरलं. विचारल्यावर म्हणाला, "तुम्हीच सांगितलं ना एकरी दोन गोण्या." नमुना आहे हे मी स्लाइड 3 वर एकदाच बोलले होते.

हे सुटलं असतं तर अकरा गावांत लोकांनी माझ्या नमुन्याप्रमाणे खत टाकलं असतं. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

3 सप्टेंबर

काल पोळा, काही झालं नाही. आज दुरुस्त्या.

नमुन्याच्या गोंधळावर आधी "हा फक्त नमुना आहे" हे वाक्य प्रत्येक स्लाइडवर घातलं. वाचून बघितलं तर विमा जाहिरातीच्या शेवटी घाईघाईने सांगतात तसं वाटलं, ते कोणी ऐकत नाही. मग दुसरा नमुना घेतला, पहिल्याच्या लगेच मागोमाग आणि आकडे मुद्दाम लांबचे. पहिला बागायती रब्बी ज्वारीचा 100:50:50. दुसरा कोरडवाहूचा 60:30:0. हेक्टरी 60 म्हणजे एकरी 24 नत्र: एक गोणी युरिया आणि वर सात किलो. एकरी 12 स्फुरद: दीड गोणी सुपर. पालाश शून्य: पोटॅश आणायचंच नाही. दोन वेगळी उत्तरं शेजारी शेजारी दिसली की कोणतं आपलं, हा प्रश्न ऐकणाऱ्यालाच पडतो, आणि तो आपला कागद बघतो. पहिल्या नमुन्याच्या स्लाइड निळ्या, दुसऱ्याच्या हिरव्या, दोन्हींवर आडवा मोठा 'नमुना' शब्द. एखाद्याने फक्त एका स्लाइडचा फोटो काढून पुढे पाठवला तरी शब्द सोबत जाईल.

शांततेच्या जागी: "आता तुमच्या कागदाचं मागचं पान काढा. 'नत्र' लिहिलेली ओळ शोधा. मी दहापर्यंत मोजते. नाही सापडली तर व्हिडिओ थांबवा." आणि खरंच मोजते, पडद्यावर आकडे उतरताना दिसतात. दहा सेकंद मोजणं मुद्रित करताना फार मूर्खासारखं वाटतं.

चाचणीत सुनेने पुटपुटलेला प्रश्नही घेतला: "दोन्ही गोण्या एकदमच टाकायच्या का?" मी गोण्यांचा आकडा सांगून मोकळी झाले होते. बागायतीच्या नमुन्याला वाक्य जोडलं: पेरताना एक गोणी, महिन्याने दुसरी, सुपर आणि पोटॅश मात्र पूर्ण पेरतानाच.

5 सप्टेंबर

पुन्हा मुद्रण, सकाळी साडेपाच ते आठ. ढोल नाहीत, पंखा नाही, दूधवाला एकदा. चौदा स्लाइड झाल्या, पैकी पाच दोनदा कराव्या लागल्या. लांबी 11 मिनिटं 20 सेकंद. कागद बघून वाचलं की आवाज बातम्यांसारखा येतो, म्हणून प्रत्येक स्लाइडचं निवेदन दोनदा वाचून कागद उलटा ठेवला आणि चौथ्या रकान्यातला प्रश्न तेवढा समोर ठेवला. त्या आजोबांना उत्तर देतेय असं समजून बोलले. बरं झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवून बघितला. व्हिडिओ दाबला गेल्यावर अहवालाचं पूर्ण पान दाखवणाऱ्या स्लाइडवरचे आकडे धूसर झाले. त्या दोन स्लाइडवर पूर्ण पानाऐवजी फक्त लागणारी ओळ मोठी करून टाकली. आवाज तसाच ठेवता आला, फक्त चित्र बदललं. एकसंध मुद्रण असतं तर सगळं पुन्हा.

6 सप्टेंबर

मूक चाचणी दुसरी, वेगळी माणसं. पहिलेच तिघे चालणार नाहीत, त्यांना उत्तर माहीत झालंय. तिघांपैकी दोघांची गोण्यांची संख्या बरोबर. तिसऱ्यांनी एकराऐवजी हेक्टरचाच आकडा गोणीला लावला, कारण एकराची स्लाइड चालू असताना त्यांना फोन आला आणि नंतर व्हिडिओ पुढून सुरू झाला. नत्राच्या स्लाइडच्या सुरुवातीला चार शब्द वाढवले: "अडीचने भागून आलेला आकडा." त्या एका स्लाइडचा आवाज पुन्हा केला. संध्याकाळी सगळ्या गटांवर पाठवला, खाली मजकूर: आपल्या अहवालाच्या मागच्या पानाचा फोटो आणि काढलेल्या गोण्या लिहून पाठवा.

19 सप्टेंबर

गणपती उठले, पेरण्या सुरू. उत्तरं येताहेत. चुकलेल्यांना फोन करतेय, आणि प्रत्येक चूक वहीत त्या त्या स्लाइडच्या चौथ्या रकान्यात जाते. आतापर्यंत नमुन्याचं उत्तर उतरवून पाठवलेला एकही नाही.

सगळ्यात जास्त फोन डीएपीसाठी. "सुपर मिळत नाही, डीएपी आहे, किती टाकू?" मुद्रणातही हा प्रश्न तीनदा होता, मी लांबी वाढते म्हणून गाळला. गाळायला नको होता. या व्हिडिओत घुसवत नाही, स्वतंत्र तीन मिनिटांचा करते. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत स्फुरद 23 आणि नत्र 9. म्हणजे एकरी 20 स्फुरदाला गोणी पुरते, आणि तिच्यातलं नत्र युरियातून वजा करायचं: 40 मधून 9 गेले, उरले 31, दीड गोणी युरिया. वजा करायला विसरणं हीच इथली चूक असणार, कारण फोनवर पाचपैकी चौघे विसरले. त्या पानाचा चौथा रकाना भरून झालाय. उद्या सकाळी साडेपाचला मुद्रण.